लाइट्स आउट: सोडवणारा प्रोग्राम ३×३ वर चालतो आणि ५×५ वर अडकतो, तेव्हा काय तपासायचं

तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीने येते. कुणीतरी हौसेने लाइट्स आउट सोडवणारा प्रोग्राम लिहितो. ३×३ च्या पटावर दोन-तीन उदाहरणं बरोबर येतात. मग ५×५ लावलं की गाडी अडते. कधी `Singular matrix` असा संदेश येतो, कधी उत्तरात भलेमोठे आकडे उमटतात, कधी "उत्तर नाही" असं छापून येतं. कधी उत्तर बरोबर असतं, पण तीन दिवे विझवायला दहा बटणं दाबायला सांगतं. मग लिहिणारा समीकरणांतून एकेक अज्ञात काढून टाकणारी तीच ती विलोपनाची फेरी उलटसुलट तपासत बसतो. मीही बसलो होतो. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की एकाच चुकीची ही चार रूपं नाहीत. यातल्या दोन गोष्टी तर चुकाच नाहीत, तो कोड्याचा स्वभाव आहे. म्हणून लक्षण कोणतं आहे ते आधी ओळखायचं आणि मगच कोडला हात लावायचा.

खेळ माहीत असेल असं धरतो. टायगर इलेक्ट्रॉनिक्सने १९९५ मध्ये बाजारात आणलेल्या खेळण्याचा पट ५×५ होता. एक बटण दाबलं की त्याचा स्वतःचा दिवा आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असलेले शेजारी उलटतात: लागलेला विझतो, विझलेला लागतो. कडेपलीकडे कुणी शेजारी नसतो. सगळे दिवे विझवायचे.

गणिताकडे नेणारी निरीक्षणं दोनच. एकच बटण दोनदा दाबणं म्हणजे न दाबणं. आणि बटणं कोणत्याही क्रमाने दाबली तरी शेवट तोच होतो. म्हणजे प्रत्येक बटणासाठी 'दाबलं' किंवा 'नाही दाबलं' एवढंच ठरवायचं: १ किंवा ०. प्रत्येक दिव्यासाठी एक समीकरण मिळतं: त्याच्यावर परिणाम करणाऱ्या बटणांपैकी दाबलेल्यांची संख्या, दिवा लागलेला असेल तर विषम हवी, विझलेला असेल तर सम. ५×५ वर अशी २५ समीकरणं आणि २५ अज्ञातं होतात. सम-विषमाचा हा हिशेब म्हणजेच मॉड दोनचं अंकगणित, ज्यात १ + १ = ०.

पहिलं लक्षण: उत्तरात अपूर्णांक, किंवा `Singular matrix`

इथे बहुतेकांनी `numpy.linalg.solve` वापरलेलं असतं आणि आलेली उत्तरं गोल करून दोनने भागून बाकी घेतलेली असते. दिसायला रास्त वाटतं. पण हे फंक्शन समीकरणं नेहमीच्या संख्यांमध्ये सोडवतं. तिथे दिवा 'तीनदा उलटला' आणि 'एकदा उलटला' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याला त्या एकच हव्यात.

३×३ वर फक्त मधला दिवा लागलेला आहे असं समजा. सममितीमुळे तीनच अज्ञातं उरतात: चारही कोपऱ्यांसाठी क, कडांच्या मधल्या चार बटणांसाठी ड, आणि केंद्रासाठी म. कोपऱ्यातल्या दिव्याचं समीकरण क + २ड = ०, कडेच्या दिव्याचं ड + २क + म = ०, मधल्याचं म + ४ड = १. नेहमीच्या संख्यांत सोडवलं तर ड = १/७, क = −२/७ आणि म = ३/७ येतं. दशांशात ०.१४, −०.२९, ०.४३. हे गोल केले की तिन्ही शून्य, म्हणजे प्रोग्राम सांगतो की काहीच दाबू नका, आणि मधला दिवा तसाच जळत राहतो.

हा ७ कुठून आला? समीकरणांच्या सहगुणकांचा तक्ता म्हणजे मॅट्रिक्स, आणि ३×३ च्या मॅट्रिक्सचा निर्धारक −७ आहे. त्यामुळे उत्तरं सातव्या हिश्श्यांत येऊ शकतात. ७ विषम आहे, म्हणजे मॉड दोनमध्ये तो १ च. तेव्हा गोल करण्याऐवजी सगळ्याला ७ ने गुणा: ड = १, क = −२, म = ३. आता सम-विषम पाहा. ड दाबायचं, क नाही, म दाबायचं. मधलं बटण आणि कडांची चार, एकूण पाच. तपासून बघा: मधला दिवा पाच वेळा उलटतो, कडेचा प्रत्येक दिवा दोनदा, कोपऱ्याचा प्रत्येक दोनदा. बरोबर मधला तेवढा विझतो.

मग सुरुवातीची उदाहरणं का चालली? कारण चाचणीसाठी आपण बहुतेक वेळा एखादं बटण दाबून पट तयार करतो. एकाच बटणाने बनलेल्या पटावर कोणताही दिवा दोनदा उलटलेला नसतो, म्हणून नेहमीच्या संख्यांतही नेमकं तेच पूर्णांकी उत्तर येतं. प्रोग्राम चुकीचा असूनही चाचणी उत्तीर्ण होतो.

५×५ वर सातने गुणण्याची युक्तीही संपते, कारण तिथे निर्धारकच शून्य आहे. फ्लोटिंग पॉइंटच्या गणितात तो नेमका शून्य निघाला तर संदेश येतो, आणि गोलाईच्या चुकीमुळे शून्याच्या अगदी जवळ पण शून्य नाही असा निघाला तर अवाढव्य आकडे येतात. दोन्ही एकाच रोगाची लक्षणं आहेत. रँक, म्हणजे खरोखर स्वतंत्र समीकरणं किती, ते सांगणाऱ्या `numpy.linalg.matrix_rank` वरही विसंबू नका. ५×५ वर ते २३ सांगेल आणि योगायोगाने मॉड दोनमध्येही रँक २३ च आहे, त्यामुळे विश्वास बसतो. ४×४ वर मात्र नेहमीच्या संख्यांत रँक १४ आहे आणि मॉड दोनमध्ये १२. तिथे हे फंक्शन सरळ फसवतं.

उपाय एकच: विलोपन स्वतः लिहायचं, आणि ते अजिबात अवघड नाही. मॉड दोनमध्ये भागाकार नाही, ऋण चिन्ह नाही, ओळीतून ओळ वजा करणं म्हणजे दोन ओळींचं `^`. प्रत्येक ओळ एका पूर्णांकात बिटांच्या रूपात ठेवली की कोड एवढाच:

```python
def matrix(n):
    rows = []
    for r in range(n):
        for c in range(n):
            m = 0
            for dr, dc in ((0,0),(1,0),(-1,0),(0,1),(0,-1)):
                y, x = r + dr, c + dc
                if 0 <= y < n and 0 <= x < n:
                    m |= 1 << (y*n + x)
            rows.append(m)
    return rows

def solve(n, lit):
    N = n*n
    a = [m | (lit[i] << N) for i, m in enumerate(matrix(n))]
    piv, r = [], 0
    for c in range(N):
        p = next((i for i in range(r, N) if a[i] >> c & 1), None)
        if p is None:
            continue
        a[r], a[p] = a[p], a[r]
        for i in range(N):
            if i != r and a[i] >> c & 1:
                a[i] ^= a[r]
        piv.append(c)
        r += 1
    if any(a[i] >> N for i in range(r, N)):
        return None, r
    x = [0]*N
    for i, c in enumerate(piv):
        x[c] = a[i] >> N
    return x, r
```

`lit` ही वरच्या डाव्या कोपऱ्यापासून ओळीने लिहिलेली ० आणि १ ची यादी. परत येतं ते उत्तर आणि रँक. रँकही परत देण्यामागे हेतू आहे, तो पुढे दिसेल.

यातली ओळींची अदलाबदल करणारी ओळ 'कधीतरी लागेल' म्हणून बरेच जण गाळतात. इथे ती दुसऱ्याच पायरीला लागते. पहिलं आणि दुसरं बटण एकमेकांचे शेजारी आहेत, म्हणून पहिल्या दोन ओळींच्या सुरुवातीला १ १ आणि १ १ असतं. पहिली ओळ दुसरीत मिळवली की दुसऱ्या ओळीतला कर्णावरचा १ लगेच शून्य होतो. अदलाबदल नसेल तर प्रोग्राम २×२ वरही अडतो. तुमचा प्रोग्राम अगदी लहान पटावरसुद्धा "उत्तर नाही" म्हणत असेल तर आधी इथे बघा.

मॅट्रिक्स बरोबर आहे का, हे मोजून ठरवा

विलोपनावर संशय घेण्याआधी मॅट्रिक्समध्ये १ हा आकडा किती वेळा येतो ते मोजा. ५×५ वर शेजाऱ्यांच्या ४० जोड्या आहेत: वीस आडव्या, वीस उभ्या. प्रत्येक जोडी मॅट्रिक्समध्ये दोनदा येते आणि प्रत्येक बटण स्वतःचा दिवा उलटतं, म्हणून एकूण २५ + ८० = १०५ एक हवेत.

```python
print(sum(bin(m).count("1") for m in matrix(5)))
```

११३ आले तर चूक कुठे आहे ते तिथेच कळतं. तुम्ही शेजारी `i-1` आणि `i+1` असे थेट क्रमांकाने घेतले आहेत, आणि एका ओळीचा शेवटचा दिवा पुढच्या ओळीच्या पहिल्याचा शेजारी झाला आहे. अशा चार खोट्या जोड्या, म्हणजे आठ जादा एक. १२५ आले तर पट सगळ्या बाजूंनी गुंडाळला गेला आहे. वरची कड खालच्या कडेला आणि डावी उजवीला चिकटली, म्हणून प्रत्येक बटण पाच दिवे उलटतं. `%` ने शेजारी काढले की हे होतं. त्या गुंडाळलेल्या पटाचं गणितही पूर्णपणे वेगळं आहे. ५×५ ची रँक तिथे २३ नसून १७ होते.

आणखी एक चाचणी मला सर्वात उपयोगी वाटते. सगळे दिवे लागलेला पट कोणत्याही आकाराचा असो, तो नेहमी सुटतो. क्लाउस सुटनर यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेला हा निकाल आहे, आणि तो चौकोनी पटापुरता मर्यादितही नाही. त्यामुळे `solve(n, [1]*(n*n))` ने एकाही n साठी `None` दिलं तर दोष तुमच्याकडेच आहे, पटावर ढकलू नका. ३×३ वर उत्तरात ५ बटणं यायला हवीत आणि ५×५ वर १५.

दुसरं लक्षण: "उत्तर नाही"

मॅट्रिक्स बरोबर, विलोपन बरोबर, तरी `None`. आता प्रोग्रामला सोडा, तो खरं बोलतो आहे. ५×५ वर रँक २३ आहे. २५ दिव्यांचे २²⁵ पट संभवतात, पण बटणं दाबून त्यातले २²³ च गाठता येतात. चारातला एकच. दिवे यादृच्छिक लावून कोडं तयार केलंत तर चारपैकी तीन वेळा न सुटणारं कोडं हाती येतं. ४×४ वर प्रकरण आणखी वाईट आहे: सोळातलं एक सुटतं. ३×३ वर मात्र रँक पूर्ण ९ आहे, कोणताही पट सुटतो आणि एकाच प्रकारे सुटतो. म्हणूनच छोट्या पटावर तपासून निर्धास्त झालेला माणूस मोठ्या पटावर हमखास फसतो.

कोडं तयार करताना दिवे यादृच्छिक लावू नका. सगळे दिवे विझवून बटणं यादृच्छिक दाबा. सुटणारा प्रत्येक पट ५×५ वर नेमक्या चार बटणसंचांतून तयार होतो, म्हणून कोणत्याही पटाला झुकतं मापही मिळत नाही.

एखादा पट सुटणार नाही हे विलोपन न करताही डोळ्यांनी कळू शकतं, आणि ते का कळतं हा या सगळ्या प्रकरणातला मला सर्वात आवडणारा भाग आहे. ५×५ वर काही बटणसंच असे आहेत की ते सगळे दाबले तरी पटावर काहीच बदलत नाही. प्रत्येक दिवा सम वेळा उलटतो. त्यांना मी मूक नमुने म्हणतो. रिकामा संच धरून असे चार आहेत. त्यातले दोन हे:

```
10101    11011
10101    00000
00000    11011
10101    00000
10101    11011
```

तिसरा या दोघांची बेरीज आहे. डावीकडचा नमुना घ्या. तो मूक आहे याचा अर्थ, कोणत्याही दिव्याभोवतीच्या अधिकचिन्हाच्या आकारात या नमुन्यातली बटणं सम संख्येने येतात. आता तेच वाक्य उलटं वाचा. शेजारपण दुतर्फी असतं, त्यामुळे कोणतंही बटण दाबलं तरी नमुन्यातल्या जागांवरचे दिवे सम संख्येनेच उलटतात. म्हणजे नमुन्याच्या जागांवर लागलेल्या दिव्यांची संख्या सम असेल तर ती कायम सम राहते आणि विषम असेल तर कायम विषम. शेवटी ती शून्य करायची आहे. विषम असेल तर ते कधीच होणार नाही, कितीही दाबा.

तर चाचणी अशी: डाव्या नमुन्याच्या बारा जागांवर लागलेले दिवे मोजा, मग उजव्या नमुन्याच्या बारा जागांवरचे. दोन्ही संख्या सम असतील तर पट सुटतो. एकही विषम असेल तर नाही. पुरेसेपणाही यातच आहे. दोन स्वतंत्र अटी म्हणजे चारातला एक, आणि रँकही नेमकं तेच सांगते.

या चाचणीने एक गंमत लगेच निघते. पटावर फक्त एकच दिवा लागलेला असेल तर तो विझवता येईल का? तो दोन्ही नमुन्यांच्या बाहेर असेल तरच. अशा जागा पाचच आहेत: अगदी मधली, आणि तिच्या कोपऱ्याला कोपरा लागून असलेल्या चार. उरलेल्या वीस जागांपैकी कुठेही एकटा दिवा लागलेला असेल तर तो विझणार नाही. "शेवटचा एक दिवा राहतोच" अशी हातात खेळणं घेतलेल्यांची तक्रार असते. तो एक दिवा कोपऱ्यात असेल तर पट मुळातच चुकीचा लावलेला होता, किंवा मधे कुठे हात चुकून दिवा पाहण्यात गफलत झाली होती.

पट हाताने टाइप करताना एक दिवा चुकला तरी हेच होतं. सुटणाऱ्या पटात एक दिवा चुकीचा भरला तर पंचवीसपैकी वीस जागांवर प्रोग्राम "उत्तर नाही" म्हणून तुम्हाला सावध करतो. पण उरलेल्या पाच जागांवर तो गुपचूप दुसऱ्याच कोड्याचं उत्तर देतो. म्हणून `None` आलं की आधी भरलेला पट पुन्हा वाचा. आणि आलेलं उत्तर पटावर प्रत्यक्ष लावून दिवे विझतात का, हेही बघा.

तिसरं लक्षण: उत्तर बरोबर, पण अवाजवी लांब

हा पट घ्या. तीनच दिवे लागलेले आहेत:

```
00000
00000
00000
00011
00100
```

डावीकडच्या नमुन्यावर एक नजर: चौथ्या ओळीतला पाचवा दिवा त्यात आहे, चौथा नाही, आणि पाचव्या ओळीतला तिसरा आहे. दोन, सम. उजवीकडच्या नमुन्याच्या चौथ्या ओळीत काहीच नाही आणि पाचवीच्या मधल्या जागेवर शून्य आहे. एकही नाही, तेही सम. पट सुटतो. वरचा कोड चालवला की उत्तर येतं:

```
11011
00000
11011
00000
11000
```

दहा बटणं. लावून बघितलं तर दिवे खरोखर विझतात. पण कागदावर जरा डोकं चालवलं तर दिसतं की तळाच्या ओळीतलं चौथं आणि पाचवं, अशी दोनच बटणं पुरेशी आहेत. चौथं बटण तळाचे तिसरा, चौथा, पाचवा आणि वरचा चौथा उलटतं. पाचवं बटण तळाचे चौथा, पाचवा आणि वरचा पाचवा उलटतं. तळाचे चौथा आणि पाचवा दोनदा उलटून जागच्या जागी येतात, आणि नेमके ते तीन दिवे विझतात.

प्रोग्राम चुकला का? नाही. त्याने चार बरोबर उत्तरांपैकी एक दिलं. कोणत्याही उत्तरात मूक नमुना मिळवला की दुसरं उत्तर तयार होतं. विलोपनात ५×५ वर शेवटचे दोन स्तंभ मोकळे राहतात, म्हणजे तळाच्या ओळीतली चौथी आणि पाचवी बटणं. वरचा कोड मोकळ्या बटणांना शून्य देतो. 'ती दोन दाबायची नाहीत' असं त्याने आधीच ठरवून टाकलं, आणि इथे नेमकी तीच दोन दाबायची होती. त्यांची भरपाई करायला त्याला उजवा मूक नमुना जवळजवळ अख्खा दाबावा लागला: बारातली ही दोन वगळून दहा.

या पटाची चारही उत्तरं मोजली तर २, १०, १२ आणि १६ बटणांची निघतात. सर्वात लहान हवं असेल तर चारही काढून तुलना करायची, दुसरा शहाणपणाचा मार्ग नाही:

```python
Q1 = "1010110101000001010110101"
Q2 = "1101100000110110000011011"
def shortest5(x):
    q1, q2 = [int(t) for t in Q1], [int(t) for t in Q2]
    c = [[s ^ (i & u) ^ (j & v) for s, u, v in zip(x, q1, q2)]
         for i in (0, 1) for j in (0, 1)]
    return min(c, key=sum)
```

५×५ वर या पद्धतीने कोणताही सुटणारा पट जास्तीत जास्त १५ बटणांत विझतो. सगळे दिवे लागलेला पट या मर्यादेवरच बसतो: त्याची चारही उत्तरं १५-१५ बटणांची आहेत. ही चाचणीही लिहून ठेवा. `shortest5` ने कधीही १५ पेक्षा जास्त दिले तर नमुने टाइप करताना काहीतरी निसटलं आहे.

इथेच आणखी एक गैरसमज. दोन मित्रांच्या प्रोग्रामनी एकाच पटाची वेगवेगळी उत्तरं दिली की दोघंही एकमेकांच्या कोडमध्ये चूक शोधू लागतात. आधी दोन उत्तरांचं `^` करा. आलेला संच तीन मूक नमुन्यांपैकी एक असेल तर दोघंही बरोबर आहेत.

प्रोग्रामशिवाय पडताळा

कोडवरचा विश्वास पूर्ण उडाला असेल तर ५×५ हाताने सोडवून पडताळता येतो. पहिल्या ओळीतल्या लागलेल्या प्रत्येक दिव्याच्या बरोबर खालचं बटण दाबा, पहिली ओळ विझते. मग दुसऱ्या ओळीसाठी तिसरीतली बटणं, असं तळापर्यंत जा. शेवटी फक्त तळाच्या ओळीत काही दिवे उरतील. पंचवीस अज्ञातं आता पाचवर आली, कारण वरच्या ओळीतली बटणं ठरली की बाकी सगळं आपोआप ठरतं. तळाला काय उरलं त्यावरून वरच्या ओळीत काय दाबायचं ते ठरतं, आणि पुन्हा एकदा तसंच खाली उतरायचं:

```
10001 -> 11000
01010 -> 10010
11100 -> 01000
00111 -> 00010
10110 -> 00001
01101 -> 10000
11011 -> 00100
```

डावीकडे तळाला उरलेले दिवे, उजवीकडे वरच्या ओळीत दाबायची बटणं. या सातांपैकी काहीच नसेल आणि तळ विझलेलाही नसेल, तर पट सुटत नाही. सगळे दिवे लावून करून बघा. पहिल्या उतरणीनंतर तळाला दोन्ही टोकांचे दिवे उरतात, 10001. तक्त्याप्रमाणे वरची पहिली दोन बटणं दाबून पुन्हा उतरलं की पट विझतो. दोन्ही उतरणींत मिळून जी बटणं दोनदा दाबली गेली ती खोडली की उरतात ती पंधरा:

```
11000
11011
00111
01110
01101
```

मघाचा तीन दिव्यांचा पट या पद्धतीने पहिल्याच उतरणीत दोन बटणांत सुटतो. तिथे उतरण विलोपनापेक्षा हुशार निघाली असं वाटेल, पण तो योगायोग आहे. ती पद्धत वरच्या ओळीला शून्य धरते, विलोपन तळाच्या दोघांना, एवढाच फरक. तोच पट उलटा करून वरच्या कोपऱ्यात नेलात तर उतरणीचीही दमछाक होईल.

पाचापेक्षा मोठ्या पटांसाठी वरचा `solve` तसाच चालतो, फक्त मूक नमुने त्या त्या आकाराचे काढून घ्यावे लागतात: प्रत्येक मोकळ्या स्तंभाला आळीपाळीने १ देऊन उरलेली बटणं वाचायची. किती निघतील हे n वाढतो तसं सरळ वाढत नाही. ६, ७ आणि ८ ला रिकाम्या संचाखेरीज एकही मूक नमुना नाही, तिथे उत्तर एकच. ९ ला मोकळे स्तंभ आठ, म्हणजे एका पटाची २५६ उत्तरं. १९ ला सोळा, म्हणजे ६५,५३६. तेवढी सगळी तपासून सर्वात लहान उत्तर काढणं आजच्या यंत्रावर क्षणांचं काम आहे. पण मोकळे स्तंभ चाळीसच्या घरात गेले की 'सर्वात लहान' हा हट्ट सोडून 'कोणतंही बरोबर' यावर थांबलेलं बरं.